एनबीए असलेल्या महाविद्यालयाची पदवी, तरीही सीडीआर लिहावा लागेल का?

अंबड_लिंकरोड (धागाकर्ता)

नमस्कार. मी मेकॅनिकल अभियंता असून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. २०१० मध्ये माझा डिप्लोमा झाला, त्यानंतर दोन वर्षे सातपूरला नोकरी केली आणि २०१२ मध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन २०१५ मध्ये नाशिकमधील एका संलग्न महाविद्यालयातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी घेतली. ऑगस्ट २०१५ पासून याच कारखान्यात आहे. त्यातली पहिली दोन वर्षे कंत्राटदाराच्या पटावर होतो. कंपनीच्या पटावर येऊन आता सात वर्षे चार महिने झाले. वय ३३.

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतरासाठी अर्ज करण्याआधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून पात्रतेचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, एवढे समजले आहे. शरणपूर रोडवरील एका सल्लागाराच्या मते माझ्या शाखेला त्या काळात एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता होती, त्यामुळे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मान्य करणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन अकॉर्ड या कराराच्या मार्गाने मी जाऊ शकतो आणि मला काहीही लिहावे लागणार नाही. दुसरा सल्लागार म्हणतो की सीडीआर, म्हणजे स्वतःच्या कामावरचे तीन करिअर एपिसोड असलेला अहवाल, लागेलच आणि तो तयार लिहून मिळेल. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? शिवाय अर्ज मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून करावा की प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणून, याविषयीही मत हवे आहे.

पंचवटी_मेन

पहिल्या सल्लागाराचे बरोबर आहे. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य झाला आणि आपली पदवी २०१५ ची आहे. माझ्या मावसभावाची पदवी पुण्याची आणि त्याच सुमाराची. त्याने पदवी, गुणपत्रके आणि इंग्रजीचा निकाल एवढेच दिले होते, आणि त्याचे काम झाले. सीडीआर लिहून देणारे लोक पैशांसाठी घाबरवतात.

यारा_काठावरून

मी मूळचा गंगापूर रोडचा, आता मेलबर्नला असतो. माझे मूल्यमापन सीडीआरनेच झाले आणि गेल्या काही वर्षांत ओळखीच्या बऱ्याच जणांचे मसुदे वाचून दिले आहेत. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पंचवटीकरांनी सांगितलेले साल बरोबर आहे, पण निष्कर्ष निम्माच बरोबर आहे. एनबीए मान्यता देताना संस्थांचे दोन गट करते. आयआयटी, एनआयटी, विद्यापीठांचे स्वतःचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये पहिल्या गटात, म्हणजे टिअर १ मध्ये येतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्याच परीक्षा चालवणारी संलग्न, बिगरस्वायत्त महाविद्यालये टिअर २ मध्ये येतात. दोन्हींना मिळते ती एनबीएचीच मान्यता आणि महाविद्यालयाच्या फलकावरही दोन्ही सारखीच झळकते. वॉशिंग्टन अकॉर्ड मात्र फक्त टिअर १ च्या अभ्यासक्रमांना लागू होतो. मावसभाऊ बहुधा स्वायत्त महाविद्यालयातला असावा. तसे असेल तर त्याचा अनुभव खरा आहे, फक्त तो इथे लागू पडत नाही.

खात्री करायची असेल तर एनबीएच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांच्या यादीत महाविद्यालय, शाखा, टिअर आणि मान्यतेचा कालावधी अशा चार गोष्टी एकाच ओळीत जुळतात का ते पाहावे. कालावधीकडे लोकांचे दुर्लक्ष होते. महाविद्यालय आज स्वायत्त झाले म्हणून २०१५ ची पदवी मागे जाऊन टिअर १ होत नाही, आणि महाविद्यालयातील संगणक शाखेला मान्यता होती म्हणून मेकॅनिकलची पदवी त्यात येत नाही.

धागाकर्त्यांनी स्वतःच आपले महाविद्यालय संलग्न असल्याचे लिहिले आहे. त्यामुळे माझ्या मते सीडीआर लागेल. तो दुसऱ्याकडून लिहून घ्यावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझे मत ठाम नकाराचे आहे.

पंचवटी_मेन

भावाला विचारले. त्याचे महाविद्यालय खरोखरच स्वायत्त होते. हा फरक मला माहीत नव्हता. सल्लागारालाही तो माहीत नसेल तर कठीण आहे.

सिस्टर_म्हसरूळ

मी परिचारिका आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग पदवी असून नऊ वर्षांचा अतिदक्षता विभागाचा अनुभव आहे. मलाही तीन करिअर एपिसोड लिहावे लागतील का? माझ्याकडे तीन चांगल्या केसेस आहेत, पण रुग्णांची माहिती लिहिणे योग्य ठरेल का, अशी शंका वाटते.

यारा_काठावरून

ताई, करिअर एपिसोड हा प्रकार फक्त अभियंत्यांचा आहे, त्यामुळे रुग्णांची माहिती कुठेच लिहावी लागणार नाही. माझ्या पत्नीची बहीण याच प्रक्रियेतून गेली, म्हणून क्रम तेवढा सांगतो. परिचारिकांसाठी खरा दरवाजा नोंदणीचा आहे आणि ती आप्रा ही संस्था पाहते. आधी तिच्या संकेतस्थळावर स्वतःची पात्रता तपासून घ्यावी लागते. त्यातून आपण परीक्षेच्या गटात आलात, तर प्रथम एनसीएलएक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा आणि नंतर ॲडलेडला प्रत्यक्ष जाऊन द्यायची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा असते. स्थलांतरासाठीचे मूल्यमापन ॲनमॅक ही वेगळी संस्था करते आणि नोंदणी हातात असेल तर तो टप्पा पुष्कळ सोपा होतो. आपली पोस्ट बेसिक पदवी मूळच्या जीएनएमवर उभी आहे, म्हणून दोन्ही अभ्यासक्रमांचे तास दाखवणारी कागदपत्रे आतापासूनच गोळा करावीत. त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर या क्षेत्रातील लोक अधिक नेमके सांगतील.

सिस्टर_म्हसरूळ

धन्यवाद. विद्यापीठ घरापासून दहा मिनिटांवर आहे, पण जीएनएमचे तास दाखवणारे पत्र कुठे मिळेल हे अजून कळलेले नाही. वेगळा धागा काढते.

कॉलेजरोड_८८

धागाकर्त्यांनी दुसऱ्या सल्लागाराविषयी विचारले आहे, म्हणून स्वतःचा अनुभव लिहितो. नावे कोणाचीच लिहिणार नाही. मी सिव्हिलचा आहे. तयार सीडीआर मिळेल असे सांगितले गेल्यावर मी माझा बायोडेटा पाठवला आणि तीन आठवड्यांत तीन एपिसोड हातात आले. इंग्रजी सुरेख होते. एका एपिसोडमध्ये मी एका पुलाच्या पायाचे डिझाइन केले होते आणि ते पान वाचताना मलाच स्वतःचे कौतुक वाटले, कारण आयुष्यात मी पुलावर काम केलेले नाही. माझे सगळे काम निवासी इमारतींचे. मी ती गोष्ट बोलून दाखवली तेव्हा 'तिथे कोण तपासायला येणार' असे उत्तर मिळाले.

तिथे कोणी तपासायला आले नाही, हे खरे. तपासणी संगणकावरच झाली. मजकुराचे मोठे भाग आधी आलेल्या दुसऱ्या अर्जांशी जुळले. अर्ज नाकारला गेला आणि बारा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही असे कळवले गेले. शुल्क गेले, सल्लागाराचे पैसे गेले, आणि त्या वर्षात मी तेहतिसावा वाढदिवस ओलांडल्याने वयाचे पाच गुणही गेले. अर्जाखाली सही माझी होती, म्हणून जबाबदारीही माझीच धरली गेली, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही.

अंबड_लिंकरोड

हे वाचून तयार सीडीआरचा विचार सोडला. काल रात्री पहिला एपिसोड स्वतः लिहायला घेतला. त्यातल्या मुख्य भागाचा आशय मराठीत देतो, कृपया मत द्यावे.

'आमच्या विभागात सहा सीएनसी टर्निंग मशीन होती. एका ग्राहकाकडून बेअरिंग हाउसिंगच्या रिंगमध्ये वारंवार तक्रारी येत होत्या. आम्ही एक चमू तयार केला. मूळ कारणाचे विश्लेषण करण्यात आले. काइझेन राबवण्यात आले. फिक्श्चरमध्ये सुधारणा करण्यात आल्या आणि परत येणाऱ्या मालाचे प्रमाण सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आणण्यात यश आले.'

यारा_काठावरून

प्रांजळपणे लिहितो, रागावू नये. या सहा-सात वाक्यांत आपण कुठेही नाही. चमू आहे, कंपनी आहे, आणि 'करण्यात आले' आहे. आपल्याकडे 'मी केले' म्हणणे आगाऊपणाचे समजतात. वरिष्ठांसमोर एकट्याने केलेले कामही आपण 'आम्ही केले' असेच सांगतो आणि तीच सवय इंग्रजीत उतरते. मूल्यमापन करणारा मात्र प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारत असतो, की यातले अभियांत्रिकीचे काम अर्जदाराने स्वतः काय केले. कंपनीच्या वर्णनाला फार तर एक परिच्छेद द्यावा. एका एपिसोडला १००० ते २५०० शब्दांचीच मर्यादा असते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या स्वतःच्या कामाला मिळायला हवा.

आता मला सांगा: तक्रार नेमकी कोणती होती? आपल्या तपासणीत ती आधी का सापडली नाही? 'फिक्श्चरमध्ये सुधारणा' म्हणजे काय केले आणि तेच का केले?

अंबड_लिंकरोड

रिंगचा बाहेरचा व्यास ९२ मिलिमीटर आणि बोअर ८० मिलिमीटर, म्हणजे भिंत केवळ सहा मिलिमीटरची. बोअरला ३० मायक्रॉनची मुभा होती. आम्ही बोअर डायल गेजने तपासत होतो आणि सगळे नग मुभेत येत होते. ग्राहकाकडे मात्र बेअरिंग बसवताना काही नग अडत आणि त्यांच्या गोलाई मोजण्याच्या यंत्रावर बोअर सदोष दिसे. दोन महिने आमच्या आणि त्यांच्या तपासणी विभागांत 'तुमचे गेज चुकीचे' असा वाद चालू होता.

एके दिवशी मी त्यांनी पाठवलेला गोलाईचा आलेख पाहिला, तर त्यात तीन फुगवटे दिसत होते. चकला जॉ तीनच असतात, त्यावरून मला शंका आली. मी एका रिंगवर जॉच्या जागा मार्करने खुणावल्या, बोअर केला, आणि रिंग चकमध्ये असतानाच आणि सोडल्यानंतर अशी दोनदा तीन टोकांच्या इंटर्नल मायक्रोमीटरने मापे घेतली. प्रत्येक वेळी मायक्रोमीटर साठ अंशांनी फिरवून. पकडलेली असताना मापे जुळत होती, सोडल्यावर जुळेनात. म्हणजे जॉच्या दाबाने रिंग आधी वाकत होती, आम्ही वाकलेल्या रिंगमध्ये गोल बोअर करत होतो आणि सोडल्यावर रिंग मूळ आकारात गेली की बोअर तीन फुगवट्यांचा होत होता. दोन टोकांच्या गेजला असा आकार दिसत नाही, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर बरोबर दुसऱ्या बाजूचा खोलगट भाग येतो आणि व्यास जवळपास तेवढाच भरतो.

त्यानंतर मी रफ आणि फिनिश कट वेगळे केले, फिनिशसाठी चकचा दाब कमी केला आणि रिंगला जवळजवळ पूर्ण वेढा घालणारे रुंद, पाचरीच्या आकाराचे 'पाय जॉ' बनवून घेतले.

यारा_काठावरून

एपिसोड हाच आहे. तो आपल्याकडे आठ वर्षे पडून होता आणि कागदावर 'काइझेन राबवण्यात आले' असे उतरले!

आणखी एक विचारतो. पाय जॉ साध्या जॉपेक्षा बरेच जड असतात. चक वेगाने फिरू लागला की ते बाहेर ओढले जातात आणि पकड ढिली होते. त्यात आपण दाबही कमी केला होता. मग रिंग सुटून उडण्याचा धोका आपण कसा तपासला?

अंबड_लिंकरोड

कटिंग फोर्सवरून फिनिश कटला किती पकड लागेल याचा हिशेब वहीत केला होता. चकच्या पुस्तिकेत वेग वाढेल तशी पकड किती कमी होते याचा आलेख असतो, त्यात जॉचे जादा वजन धरून वेग उतरवला. त्यामुळे प्रत्येक नगाला नऊ सेकंद जास्त लागू लागले आणि उत्पादन व्यवस्थापक चिडले. परत येणाऱ्या मालाचा खर्च आणि नऊ सेकंदांचा खर्च शेजारी मांडून मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी मान्यता दिली. हे सगळे लिहायचे असते का? मला वाटले, हा तर घरातला वाद आहे.

यारा_काठावरून

अवश्य लिहावे. एपिसोडसोबत सारांश तक्ता द्यावा लागतो आणि प्रोफेशनल इंजिनिअर या श्रेणीसाठी त्यात सोळा घटक असतात. प्रत्येक घटकासमोर आपल्या एपिसोडमधील परिच्छेदाचा क्रमांक लिहायचा असतो, म्हणून परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक देणे सक्तीचे आहे. तीन फुगवट्यांच्या कारणाचा शोध PE1.1 आणि PE2.1 ला जातो, जॉची रचना PE2.3 ला जाते, पकड आणि वेगाचा हिशेब करून सुरक्षिततेसाठी उत्पादन कमी करण्याचा निर्णय PE3.1 मध्ये शोभतो, आणि व्यवस्थापकांना खर्च मांडून दाखवणे हे PE3.2 आहे. एका एपिसोडने सोळाही घटक भरण्याचा हट्ट करू नये. तीन मिळून भरले तरी चालते. उलट दिशेने, म्हणजे तक्ता समोर ठेवून त्याप्रमाणे काम रचायला गेलात, तर कॉलेजरोडकरांच्या पुलासारखे होते.

वहीतली ती पाने, जॉचे रेखाचित्र आणि मापांचा तक्ता शोधून ठेवावा. एपिसोडमध्ये एखादा तक्ता किंवा आकडेमोड असेल तर काम आपलेच असल्याचे दिसते. ग्राहकाचे नाव किंवा कंपनीचे गोपनीय रेखाचित्र मात्र परवानगीशिवाय देऊ नये, मापांची आकृती स्वतः काढावी.

मेकॅनिकल की प्रॉडक्शन, याचे उत्तरही यातूनच निघते. माझ्या मते हे प्रॉडक्शन इंजिनिअरचे काम आहे. तिन्ही एपिसोड यंत्रण, जॉ, चक्रवेळ आणि परत येणारा माल यांच्याभोवती असतील आणि अर्ज मात्र मेकॅनिकल म्हणून असेल, तर मूल्यमापन करणारा विचारात पडेल.

पंचवटी_मेन

पण पदवी मेकॅनिकलची आहे ना? पदवीवर जे नाव, तेच पद मागावे असे मी ऐकले आहे.

यारा_काठावरून

पदवी आणि काम दोन्ही त्या पदाशी जुळावे लागतात. मेकॅनिकलची पदवी असलेले लोक प्रॉडक्शनमध्ये सर्रास जातात, त्यामुळे तो अडथळा मानू नये. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या एपिसोडमध्ये यंत्रभाग किंवा यंत्ररचना यांचे डिझाइन प्रामुख्याने असेल, तर माझे मत बदलू शकते. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया मागितलेल्या पदापेक्षा किंवा श्रेणीपेक्षा वेगळा निकालही देऊ शकते. ज्याच्या एपिसोडमध्ये फक्त ठरलेल्या पद्धतीने तपासणी आणि देखरेख दिसते, त्याला प्रोफेशनल इंजिनिअरऐवजी इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्टची श्रेणी मिळण्याची शक्यता असते.

एचआर_सातपूर

मी एका मध्यम कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे आणि अशी पत्रे मागायला येणारे आम्हाला दरवर्षी भेटतात. धागाकर्त्यांनी अनुभवाविषयी विचारलेले नाही, पण माझ्या मते त्यांची खरी अडचण तिथे आहे.

नोकरीच्या वर्षांचे मूल्यमापन ही इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडची वेगळी, ऐच्छिक सेवा आहे आणि ती अर्ज करतानाच जोडून मागता येते. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागते, ज्यात रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक पद कधीपासून कधीपर्यंत होते, प्रत्यक्ष कामे कोणती होती, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, फोन व ईमेल एवढे तरी असावे. कारखान्यांच्या नेहमीच्या अनुभवपत्रात कामे लिहिलेली नसतात, फक्त 'वर्तणूक समाधानकारक' असते. कामांचा मसुदा आपण स्वतः लिहून विभागप्रमुखांकडून तपासून आणला, तर आमच्यासारख्यांना सही करणे सोपे जाते; कोऱ्या हाताने आलेल्या माणसाला आम्ही ठरावीक साच्याचेच पत्र देतो, हे कबूल करते.

पत्राशिवाय त्रयस्थ पुरावाही लागतो, म्हणजे फॉर्म १६, आयकर विवरण, भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक. आता आपली पहिली दोन वर्षे पाहा. पासबुकात त्या काळात मालक म्हणून कंत्राटदाराचे नाव असणार आणि पत्र देणार कारखाना. ही दोन नावे जुळणार नाहीत.

अंबड_लिंकरोड

पासबुक उघडून पाहिले. ताईंचे म्हणणे खरे आहे, तिथे कंत्राटदाराचेच नाव आहे. डिप्लोमानंतरची सातपूरची दोन वर्षेही मोजली जातील का? तसे असेल तर ही दोन सोडून देता येतील.

यारा_काठावरून

नाही, पदवीच्या आधीची वर्षे प्रोफेशनल इंजिनिअरच्या अनुभवात धरली जात नाहीत. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतल्यामुळे आपल्या पदवीच्या प्रतिलेखात सहाच सत्रे दिसतील, म्हणून डिप्लोमाची कागदपत्रे शिक्षण पूर्ण दाखवण्यासाठी जोडावीत. तिथल्या नोकरीचा उपयोग फार तर एपिसोडच्या पार्श्वभूमीपुरता आहे. पहिल्या गुणपत्रकांवर पुणे विद्यापीठ आणि पदवीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नाव असेल. २०१४ मध्ये विद्यापीठाचे नाव बदलले, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण अर्जात एक ओळ लिहून ठेवावी.

आता त्या दोन वर्षांचे महत्त्व किती, ते गुणांत पाहू. व्हिसाच्या गुणतक्त्यात परदेशी अनुभवाला पाच वर्षांपासून दहा आणि आठ वर्षांपासून पंधरा गुण आहेत, आणि तो अनुभव मागील दहा वर्षांतला असावा लागतो. आपल्या वयाचे २५, पदवीचे १५, आयईएलटीएसमध्ये प्रत्येक विभागात सात आले तर १०. इथवर ५० झाले. कंत्राटाची वर्षे धरली तर ६५, न धरल्यास ६०, आणि किमान मर्यादा ६५ आहे. जोडीदाराचे आणि राज्याच्या शिफारशीचे गुण यात मी धरलेले नाहीत, आणि ६५ झाले म्हणजे निमंत्रण येतेच असेही नाही.

पण दुसऱ्या बाजूनेही पाहावे. कंपनीच्या पटावर आठ वर्षे पूर्ण व्हायला आपल्याला आणखी आठच महिने हवेत. वयाचे २५ गुण चाळिसाव्या वाढदिवसापर्यंत टिकतात. म्हणजे कंत्राटदाराच्या मागे धावण्यापेक्षा त्याच नोकरीत थांबून एपिसोड नीट लिहिणे आणि इंग्रजीत सातऐवजी आठ आणणे अधिक फायद्याचे ठरेल, कारण आठला वीस गुण आहेत. मूल्यमापनासाठी मात्र प्रत्येक विभागात सहा पुरतात. या दोन मर्यादांची गल्लत बरेच जण करतात.

एचआर_सातपूर

मला हे पूर्ण पटत नाही. आठ महिन्यांत कारखान्यात काहीही होऊ शकते. कंत्राटदाराकडून 'हा कामगार अमुक कारखान्यात अमुक विभागात नेमला होता' असे पत्र मिळाले आणि कारखान्यानेही आपल्या पत्रात तेच लिहिले, तर कागद जुळतो. ते मान्य होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण कागद आजच मागून ठेवण्यात नुकसान काहीच नाही. कंत्राटदारांची कार्यालये टिकत नाहीत.

कॉलेजरोड_८८

ताईंशी सहमत. माझ्या बाबतीत एका वर्षात जे बदलले ते मी वर लिहिलेच आहे.

अंबड_लिंकरोड

आज दुपारी कंत्राटदाराच्या सातपूरमधील जुन्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे आता पॅकिंगच्या खोक्यांचे दुकान आहे. दुकानदाराने सांगितले की ते लोक सिन्नरकडे गेले. फोन क्रमांक त्याच्याकडे नव्हता. कारखान्याच्या सुरक्षा विभागात २०१५ ची प्रवेशपत्रांची नोंदवही आहे आणि तीत माझे नाव, विभाग आणि कंत्राटदाराचे नाव एकाच ओळीत आहे. त्या पानाची प्रमाणित प्रत देण्यास कारखाना व्यवस्थापक तयार आहेत. ती त्रयस्थ पुराव्यात बसत नाही याची कल्पना आहे, तरी घेऊन ठेवतो.

पहिला एपिसोड पुन्हा लिहिला. १९०० शब्द झाले आणि 'आम्ही' हा शब्द तीनदाच आला. तिन्ही ठिकाणी खरोखर आम्हीच होतो. जॉच्या हिशेबाची वही सापडली, फक्त दोन पानांवर कटिंग ऑइल सांडलेले आहे. ती पाने तशीच स्कॅन करावीत की हिशेब नव्याने लिहून काढावा?

यारा_काठावरून

एपिसोडमध्ये हिशेब नव्याने टंकित करावा. वही आहे तशीच ठेवावी, तेलासकट.